अन्यथाशिवायचं पत्र

सबबराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बांधकाम खात्याच्या भाषांतर शाखेत बसून ज्याच्या प्रत्येक पत्राचा शेवटचा परिच्छेद 'सबब' या शब्दाने सुरू होतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? खुद्द त्यांनाही ते नाव मनातून आवडायचं. कुणी चिडवायला म्हटलं तरी ते मिशीतल्या मिशीत हसत आणि मान अशी हलवत, की चिडवणाऱ्यालाच वाटावं आपण सत्कार केला.

खात्याचा नियम असा की बाहेर जाणारं प्रत्येक पत्र दोन भाषांत. एकच कागद, पुढच्या बाजूला इंग्रजी, मागच्या बाजूला मराठी. जावक क्रमांक एक, शिक्का एक, सही करणारा माणूसही एकच. मूळ मसुदा ज्याचं काम असेल तो इंग्रजीत करणार आणि सबबराव त्याचं मराठी करणार. नव्याने आलेल्यांना ते हे काम समजावून सांगत तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर जाई.

"इंग्रजीचं काय आहे, साहेब असो की शिपाई, सगळ्यांना एकच 'यू'. तिला चिंता नाही. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. चुकीच्या पायरीवर पाय पडला की माणूस तोंडावर पडतो. मी काय करतो, सरळ सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसतो. तिथून कुणाच्या बापाला बोट दाखवता येत नाही."

आता, सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्या माणसाचं खालच्यांना तोंड दिसत नाही, फक्त तळवे दिसतात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकणारा गडी नव्हता तो.

त्या आठवड्यात इंजिनीअर मॅडम त्यांच्या टेबलापाशी आल्या. वयाने सबबरावांच्या मुलीएवढ्या, पण कामात पक्क्या. टेकडीच्या उतारावर जी जुनी दगडी भिंत गल्लीतल्या घरांवरची माती धरून उभी आहे, ती पाहून आल्या होत्या. चपलांना अजून चिखल होता.

"काका, भिंतीला पोट आलंय," त्या म्हणाल्या. "मागे पाणी साठतंय. पाडून नवी बांधायला हवी. खालची घरं आणि वरच्या रांगेतली दोन-तीन, सगळ्यांना काम होईपर्यंत शाळेत हलवायचंय. पुढच्या शुक्रवारच्या आत. हा मसुदा. आज निघेल का?"

सबबरावांनी मसुदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. डिअर रेसिडेंट. तुम्हाला हे सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. भिंत धोकादायक झाली आहे. थोड्या दिवसांसाठी शाळेत राहायला जाण्याचा तुम्ही विचार करू शकलात तर आम्ही आभारी राहू. सामान न्यायला आम्ही गाडी पाठवू. काम संपलं की तुम्ही आपल्या घरी परत याल. अडचण असेल तर मला फोन करा. खाली मॅडमचा नंबर.

"हे पत्र आहे की लग्नातल्या गप्पा?" ते म्हणाले.

"इंग्रजीत असंच लिहितात आता. कोर्सला शिकवलं आम्हाला. सौम्य, सरळ."

"तिकडे लिहीत असतील. मराठी पत्राला वजन लागतं, मॅडम. तुम्ही निर्धास्त राहा."

आणि त्यांनी वजन घातलं. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पत्र तयार होतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर संरक्षक भिंत धोकादायक स्थितीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, आपण आपल्या ताब्यातील जागा पुढील शुक्रवारपर्यंत रिक्त करावी. काम पूर्ण झाल्यानंतर सदर जागेत पुनःप्रवेश अनुज्ञेय राहील. अन्यथा नियमानुसार पुढील कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.'

शेवटचं 'अन्यथा' इंग्रजीत कुठेही नव्हतं. सबबरावांना ते घातल्याचं लक्षातही आलं नाही. इतकी वर्षं पत्राच्या बुडाशी ते असायचंच; त्याच्याशिवाय पत्र संपल्यासारखं वाटायचं नाही, एवढंच. मॅडमनी मागची बाजू वाचली, कपाळाला किंचित आठी घातली, म्हणाल्या, "जरा जड नाही वाटत?" सबबराव म्हणाले, "जड आहे म्हणूनच मान आहे." मॅडमना घाई होती. सही झाली, शिक्का बसला, आणि पत्रं घरोघर गेली.

त्या गल्लीत, खालच्या रांगेत शेवटचं घर अक्काचं. अक्का म्हणजे सबबरावांची थोरली बहीण. शिवणाचे वर्ग चालवून तिने धाकट्या भावाला शिकवलं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण ती ते कधी सांगत नसे आणि सबबराव नेहमी सांगत. नवरा गेल्यावर ती एकटीच राहायची. मागच्या खोलीत, भिंतीकडच्या खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र होतं, तिथे उजेड चांगला येतो म्हणून. दिवसातला बराच वेळ ती तिथेच असायची. आणि गल्लीचा शिरस्ता असा की अक्का हलली तर गल्ली हलणार. अक्का बसली तर ब्रह्मदेव आला तरी कुणी उठणार नाही.

सबबराव निश्चिंत होते. आपलंच खातं, आपलंच पत्र, आपलीच बहीण.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला.

"अरे धाकट्या, तुमच्या ऑफिसात पत्रं लिहायला कुणाला बसवलंय?"

सबबरावांनी हातातला पेन खाली ठेवला. "का गं?"

"जागा रिक्त करा म्हणे. ताब्यातली! मी काय कुणाची जागा बळकावून बसलेय? आणि पुढे काय ते, अनुज्ञेय. माझ्याच घरात परत यायला मला परवानगी लागणार? सगळ्यांनी मिळून पत्र वकिलाकडे दिलंय. कुणी हलणार नाही."

"अगं, तसं नाही ते. भिंत खरंच वाईट झालीये. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

"थोडे दिवस कुठे लिहिलंय? दाखव मला. भिंत वाईट झालीये हे एक ओळ आणि कारवाई होईल ही शेवटची ओळ. माणूस शेवटची ओळ लक्षात ठेवतो, धाकट्या. तूच सांगायचास."

हे खरंच ते सांगायचे. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

दुपारी मॅडम आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानेच. वरच्या रांगेत कागदाची पुढची बाजू वाचणारी माणसं राहत. तिथलं एक जोडपं कालच शाळेत हललंही होतं, जाताना मॅडमना फोन करून आभार मानून. पण त्यांच्या शेजारचे निवृत्त बँकर आजोबा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मॅडमनी विचारलं तर म्हणाले, "पत्रात विचार करायला सांगितलं होतं. मी केला. न जाण्याचं ठरवलं. कळवल्याबद्दल आभारी आहे."

एरवी सबबराव यावर पोट धरून हसले असते. आज हसू आलं नाही. पुढची बाजू इतकी मऊ की माणूस तिच्यावर लोळत पडला, आणि मागची इतकी कडक की लोकांनी वकील गाठला. आणि दोन्ही बाजूंना सही मात्र एकच.

"खालच्यांना दुसरं पत्र पाठवू," मॅडम म्हणाल्या. "माझ्या इंग्रजीसारखं. साधं."

"साधं हवं ना? घ्या साधं," सबबराव म्हणाले. फणकाऱ्यानेच म्हणाले, कारण आपलं चुकलं हे कळलं होतं आणि ते कबूल करायची तयारी नव्हती. अशा वेळी माणूस सांगितल्यापेक्षा जास्त करून दाखवतो. त्यांनी विषय लिहिला नाही, संदर्भ लिहिला नाही, पहिल्या पत्राचा उल्लेखही केला नाही. 'नमस्कार! तुम्हाला थोडा त्रास होणार आहे, पण काळजी करू नका. शाळेत तुमची छान सोय केली आहे. लवकर या, आम्ही वाट बघतोय!' घाई होती म्हणून जावक क्रमांकाशिवायच पत्र गेलं. मॅडमना भाषा आवडली. बाकी काय सुटलंय हे ओळखायला सबबराव हवे होते, आणि सबबराव त्या दिवशी रुसलेले होते.

दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. गल्लीने हे ताक फुंकलं नाही, सरळ ओतून दिलं. परवा कारवाईची भाषा आणि आज 'वाट बघतोय'? गोगलगाय आणि पोटात पाय! शिक्का नाही, क्रमांक नाही, हे खात्याचं पत्रच नव्हे. कुणीतरी घरं रिकामी करून घ्यायला डाव टाकतंय. वकील तर आणखी शहाणा निघाला. तो म्हणाला, दुसऱ्या पत्राने पहिलं रद्द केल्याचं कुठे म्हटलंय? म्हणजे पहिलं जिवंतच आहे. बसून राहा.

तोवर सोमवार उजाडला होता. सकाळी मॅडम भिंत पाहून आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "काका, पोट वाढलंय. शेवटच्या घराच्या मागे सगळ्यात जास्त."

शेवटचं घर कुणाचं हे त्यांना माहीत नव्हतं. सबबरावांना माहीत होतं. त्यांनी फाइल बंद केली, टेबलावर तशीच ठेवली आणि उठले. कार्यालय सुटायच्या आधी ते उठल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

अक्का मागच्या खोलीत यंत्रावर होती. खिडकीतून भिंत दिसत होती. लहानपणापासून पाहिलेली भिंत, पण आज ती खोलीत डोकावत असल्यासारखी वाटली. सबबरावांना तिथे उभंही राहवेना.

"अक्का, पुढच्या खोलीत चल. बोलायचंय."

"इथेच बोल. कुणाचा तरी परकर उद्या द्यायचाय."

"अक्का, चल म्हणतो ना!"

आवाजात काय होतं कोण जाणे, तिने पाय थांबवला आणि मुकाट्याने पुढे आली. चहा टाकला. मग फडताळातून ते पहिलं पत्र काढून त्याच्यासमोर ठेवलं, इंग्रजी बाजू वर करून.

"वरच्या रांगेतलं जोडपं शाळेत गेलंय ना, त्यातली मुलगी काल भेटायला आली होती. तिने ही बाजू मला मराठीत वाचून दाखवली. लिहिणाऱ्याला वाईट वाटतंय म्हणे. गाडी पाठवणार म्हणे. घरी परत याल म्हणे." अक्काने कागद उलटा केला. "आणि ही माझी बाजू. धाकट्या, कागद एकच ना रे? मग एका बाजूला माणसं राहतात आणि दुसऱ्या बाजूला आरोपी, असं कसं? आम्ही कुणाचं काय घोडं मारलंय?"

सबबरावांनी कपाकडे पाहिलं. खोटं बोलायला हीच वेळ होती, आणि समोर जगातलं असं एकच माणूस होतं, ज्याच्याशी त्यांना कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"ती बाजू मी लिहिलीये."

अक्काने पत्र उचलून पुन्हा वाचलं, आता भावाचं म्हणून. मग म्हणाली, "तू कॉलेजला बाहेरगावी होतास तेव्हा मला पत्रं लिहायचास. 'तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.' केवढा मान द्यायचास! मला शिवणाच्या बायकांना वाचून दाखवताना छाती फुगून यायची. पण त्या मानाच्या मागे तू दिसायचास रे. तुला ताप आला, तुझं पांघरूण हरवलं, सगळं असायचं. ह्यात कोण आहे? 'कळविण्यात येते.' कोण कळवतंय? 'कारवाई करण्यात येईल.' कोण करणार? अंधारातून कुणीतरी ओरडल्यासारखं वाटतं बघ."

"मी मानच देत होतो, अक्का."

"मान दिलास. पण दार बंद करून दिलास."

बोलणं लागलं ते जिव्हारी लागलं. सबबरावांना रडू येईल असं वाटलं आणि त्यांनी घाईघाईने गरम चहाचा घोट घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

"मग दुसरं? ते तर अगदी मोकळं होतं."

"ते? ते बघून तर मी हसले. ओळख ना पाळख आणि 'लवकर या'! जत्रेला बोलावतायत की काय? घर सोडायचं म्हणजे चेष्टा आहे का? मला घराबाहेर काढणाऱ्या माणसाने जरा नीट उभं राहून, नाव सांगून बोलावं. अघळपघळही नको आणि अंगावर येणारंही नको."

"आत्ता माझ्याबरोबर चल, अक्का. पत्रबित्र सोड. भिंत खरंच पडेल."

"मी आले तर बाकीचे काय म्हणतील? भाऊ खात्यात आहे म्हणून अक्काला आतून कळलं, आम्हाला मात्र कागद. सगळ्यांना सांग, नीट सांग. मग मी पहिली निघेन."

तिचा हट्ट त्यांना माहीत होता. वाद घातला नाही. दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "तोवर यंत्र तरी पुढच्या खोलीत आण." "बघते," ती म्हणाली. म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी सबबराव मॅडमच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत ते कुणाच्या टेबलापाशी गेले नव्हते. लोक त्यांच्याकडे येत.

"मॅडम, आज आधी इंग्रजी आणि मग मराठी असं नको. दोन्ही बरोबर. तुम्ही एक वाक्य लिहा, मी एक. दोन्ही वाचून माणूस तेच करायला उठला पाहिजे. शब्द वेगळे असू देत."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माझंही चुकलंय का?"

"तुमच्या त्या आजोबांना विचारा. 'विचार करू शकलात तर आभारी राहू' हे ऑफिसातल्या बरोबरीच्या माणसाला ठीक, त्याला त्यामागचं 'कराच' ऐकू येतं. घरी बसलेल्या माणसाला ते आमंत्रण वाटतं. इंग्रजीत 'मस्ट' घाला. भिंतीसाठी 'मस्ट' म्हटलं तर कुणाला राग येत नाही, का ते पुढच्याच वाक्यात सांगितलं की झालं."

"मग मराठीतही 'सोडलंच पाहिजे'?"

"छे छे! मराठीत ते कुणीतरी काठी घेऊन उभं असल्यासारखं वाटेल. 'घर सोडावे लागेल.' हे भिंत सांगते, आपण नाही. आणि 'आपण'च ठेवू, 'तुम्ही' नको. गल्लीत म्हातारी माणसं आहेत. फक्त समोरच्याला 'आपण' म्हणायचं तर इकडच्या बाजूलाही कुणीतरी हवं. 'मी' हवा."

असं करत दुपार झाली. कागदाच्या माथ्यावर जावक क्रमांक, तारीख, विषय, संदर्भ, सगळं जिथल्या तिथे. तिथे सबबराव एक इंचही हलले नाहीत. 'हे पाहिल्याशिवाय कुणी पुढे वाचणार नाही, मॅडम, ही दाराची कडी आहे.' आधीची दोन्ही पत्रं मागे घेतल्याचं पहिल्याच ओळीत. डिअर रेसिडेंट गेलं, प्रत्येक पत्रावर त्या त्या घराचं नाव आलं, आणि नाव आलं म्हणून इंग्रजीच्या खाली 'युअर्स फेथफुली'ऐवजी 'युअर्स सिन्सिअरली'. मराठीत 'महोदय' किंवा 'महोदया', खाली 'आपली विश्वासू'.

मग मधला मजकूर. 'मी ही भिंत स्वतः पाहिली आहे. ती आपल्या घराच्या मागे आहे व ती किती दिवस उभी राहील हे मला सांगता येत नाही. म्हणून आपणांस शुक्रवारपूर्वी काही दिवसांसाठी घर सोडावे लागेल. घर आपलेच आहे व काम संपताच आपण तेथे परत याल. सामानासाठी गाडी मी पाठवत आहे. आधीच्या पत्राच्या भाषेने आपल्या मनाला त्रास झाला असल्यास मी क्षमा मागते.'

शेवटाशी येऊन सबबरावांचा पेन थांबला. हात सवयीने 'अन्यथा'कडे जात होता. त्यांनी तो उचलला, आणि लिहिलं, 'काही शंका असल्यास मला दूरध्वनी करावा.' आणि पूर्णविराम दिला. पत्र संपलं. संपल्यासारखंही वाटलं, हे त्यांनाच नवल.

साहेबांनी मात्र वाचून भुवया उंचावल्या. "अहो सबबराव, तुम्ही? आणि अन्यथा कुठे गेलं? लोक हललेच नाहीत तर? आणि हे 'मी' काय? उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर 'मी' कोण?"

"साहेब, 'अन्यथा' घालायचं तर कायद्याचं कलम घाला आणि नोटीस काढा," सबबराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा एक पट्टी वर गेला, पण आता त्याच्यात हवा नव्हती, ऐवज होता. "पहिल्या पत्रात मी कलमाशिवाय धमकी दिली होती. कायद्यात तिला काडीची किंमत नाही, नुसती भीती होती. त्या भीतीने माणसं बाहेर नाही आली, वकिलाकडे गेली. ही विनंती आहे. विनंतीला करणारं माणूस लागतं."

"पण क्षमा? खातं क्षमा मागतं का कधी?"

"खातं नाही मागत. मी मागतेय," मॅडम म्हणाल्या. "सही माझी आहे."

साहेब दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग फाइलला लावलेला भिंतीचा फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि पत्र पुढे सरकवलं. "जाऊ द्या. पण पडलो तर तुमच्या दोघांच्या नावाने पडेन."

पत्रं घेऊन मॅडम स्वतः गेल्या. सबबराव गेले नाहीत. आपण दिसलो तर पत्र कमी पडेल आणि बहीण-भावाचं बोलणं होईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी खिडकीशी उभं राहून नखं खाल्ली, जे ते मुलीला करू देत नसत.

मॅडमनी नंतर सांगितलं ते असं. अक्काने दारात उभं राहून पत्र मोठ्याने वाचलं. आधी शिक्का बघितला, क्रमांक बघितला, मग मजकूर. गल्ली गोळा झाली. 'परत याल' या शब्दांशी ती थांबली, आणि ते वाक्य तिने पुन्हा वाचलं. संपल्यावर कागद उलटा करून वरच्या रांगेतल्या आजोबांना हाक मारली, "अहो, तुमच्या बाजूला काय लिहिलंय, वाचा बघू!" आजोबांनी वाचलं, मराठीत सांगत सांगत. दोन्ही बाजू जुळल्या. आजोबा म्हणाले, "यात विचार करायला सांगितलेलं नाही. यात जायला सांगितलंय," आणि पिशवी भरायला घरात गेले. अक्काने मॅडमना विचारलं, "मी म्हणजे तुम्हीच ना?" मॅडम म्हणाल्या, "हो, मीच." "मग गाडीत आधी माझं शिवणयंत्र घ्या. जड आहे, दोन माणसं लावा."

बुधवारी संध्याकाळपर्यंत गल्ली रिकामी झाली.

गुरुवारी कामकरी लोखंडी टेकू घेऊन पोचायच्या आधीच भिंत बसली. फार मोठा आवाजही झाला नाही म्हणे. दगड आणि ओली माती शेवटच्या घराच्या मागच्या खोलीत शिरली, खिडकी आत घेऊन. सबबराव धावत गेले तेव्हा मॅडम तिथे उभ्या होत्या. खिडकीपाशी, जिथे उजेड चांगला येई, तिथे कंबरेएवढा ढिगारा होता. त्यांनी तो पाहिला आणि ते ढिगाऱ्यापाशीच खाली बसले. मॅडमनी विचारलं, "काका, कुणाचं घर हे?" त्यांनी सांगितलं. मॅडम शेजारी चिखलात बसल्या.

शाळेत ते पोचले तेव्हा एका वर्गाच्या दारातून यंत्राची घरघर येत होती. बातमी पोचलेली होती. अक्का फळ्याखाली बसून कुणाचा तरी परकर शिवत होती, आणि बाक भिंतीला सरकवून गल्लीतल्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. सबबराव उंबऱ्याबाहेरच थांबले. चिखलाने भरलेले पाय, विस्कटलेले केस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काय लिहावं, काय बोलावं, काही सुचेना.

अक्काने मान वर केली. यंत्रावरचा पाय थांबला. भावाकडे पाहता पाहता तिचेही डोळे भरून आले, पण आवाज मात्र ठणठणीत निघाला.

"दारात काय उभा आहेस, धाकट्या? ये की आत. अनुज्ञेय आहे."